दहा पदांत अनंत बेरीज

१ + १/४ + १/९ + १/१६ + … अशी पूर्ण वर्गांच्या व्यस्तांची बेरीज कधीच न थांबता करत गेले, तर ती अखेर कोणत्या संख्येपाशी पोचते? इटलीतील गणिती पिएत्रो मेंगोली याने १६५० मध्ये हा प्रश्न मांडला. पुढे बाझेल शहरात याकोब बर्नुलीने त्याच्याशी झुंज दिली आणि हार मानून, कोणाला उत्तर सापडले तर कळवावे, असे जाहीर आवाहन केले. तेव्हापासून हा प्रश्न बाझेलचा प्रश्न म्हणून ओळखला जातो.

नेमके सूत्र मिळत नसेल तर निदान बेरजेची किंमत आकड्यांत काढावी, हा मार्ग उघडाच होता. पण ही श्रेणी विलक्षण संथ आहे. पहिली १० पदे मिळवली तर १.५४९७६७७३१ मिळतात. खरी किंमत १.६४४९३४०६७ आहे, म्हणजे दुसऱ्याच अंकापासून गफलत आहे. पहिली N पदे घेतल्यावर उरलेल्या पदांची बेरीज साधारण १/N असते. त्यामुळे सहा दशांश स्थळे पक्की करायची तर दहा लाखांच्या आसपास पदे मिळवावी लागतात, आणि वीस स्थळांसाठी १ वर २० शून्ये इतकी. सेकंदाला अब्ज पदे मिळवणाऱ्या यंत्रालाही त्यासाठी तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या लिओनार्ड ऑयलरने मात्र १७३५ च्या सुमारास केवळ पहिली १० पदे हाताने मिळवून वीस दशांश स्थळे बरोबर काढली. उरलेल्या अनंत पदांना त्याने एकेक करून हातच लावला नाही. त्यांच्याऐवजी त्याने एका वक्राखालचे क्षेत्रफळ घेतले आणि त्या क्षेत्रफळाला काही छोट्या दुरुस्त्या जोडल्या.

या पद्धतीची सुरुवात आकृतीपासून होते. १/x² चा वक्र काढावा. x च्या १०, ११, १२, … या किमतींना वक्राची उंची म्हणजेच श्रेणीतील त्या त्या क्रमांकाचे पद. लगतच्या दोन उंच्यांची टोके सरळ रेषेने जोडली, की एक एकक रुंदीचा समलंब चौकोन तयार होतो आणि त्याचे क्षेत्रफळ त्या दोन पदांची सरासरी असते. असे सगळे समलंब एकत्र केले, की मधले प्रत्येक पद दोनदा अर्धे-अर्धे, म्हणजे पूर्ण मोजले जाते. फक्त टोकाचे पद एकदाच अर्धे येते. तेव्हा पदांची बेरीज आणि समलंबांचे एकूण क्षेत्रफळ यांच्यात टोकाच्या अर्ध्या पदाइतकाच फरक असतो. ही पहिली दुरुस्ती. तिच्यात अंदाज कुठेच नाही, ती तंतोतंत आहे.

अंदाज शिरतो तो पुढच्या पायरीला. समलंबाची वरची कड सरळ असते, वक्र मात्र तिच्याखाली वाकलेला असतो. त्यामुळे प्रत्येक समलंब खऱ्या क्षेत्रफळापेक्षा किंचित जास्त भरतो. किती जास्त, हे वक्र किती वाकला आहे यावर, म्हणजे त्या एका घराच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याचा चढ किती बदलला यावर अवलंबून असते. वक्र परवलय असेल, तर हा जादा भाग चढातील बदलाच्या बरोबर बाराव्या हिश्शाइतका असतो. x² या वक्राचे ० ते १ हे घर घेतले, तर समलंबाचे क्षेत्रफळ १/२, खरे क्षेत्रफळ १/३, जादा भाग १/६. चढ ० पासून २ पर्यंत गेला आणि २ चा बारावा हिस्सा १/६ च आहे.

सगळ्या पद्धतीचा प्राण पुढच्या निरीक्षणात आहे. घरोघरचा जादा भाग एकत्र मिळवायचा तर चढातील बदल एकत्र मिळवायचे. पण एका घराच्या शेवटी असलेला चढ हाच पुढच्या घराचा सुरुवातीचा चढ असतो. म्हणून मधले सगळे चढ एकमेकांना छेद देऊन निघून जातात आणि हाती राहतो तो फक्त शेवटच्या टोकाचा चढ वजा पहिल्या टोकाचा चढ. हजारो घरांत विखुरलेली चूक अशी दोन टोकांवर गोळा होते. चढ म्हणजे फलनाचा पहिला विकलज, म्हणून दुरुस्तीत टोकांवरचे विकलज येतात. मध्ये वक्र काय करतो हे वेगळे विचारावे लागत नाही.

वक्र परवलय नसेल तर बाराव्या हिश्शाचा हिशोबही थोडा चुकतो. पण ती चूकही घराघरांतून तशीच टोकांवर ढकलता येते. तिथे तिसरा विकलज येतो, त्यानंतर पाचवा, आणि असेच पुढे. पूर्ण सूत्र असे:

```
f(a) + f(a+1) + ... + f(b) = ∫ f(x) dx  [a ते b]
    + ( f(a) + f(b) ) / 2
    + ( f'(b) − f'(a) ) / 12
    − ( f'''(b) − f'''(a) ) / 720
    + ( f⁽⁵⁾(b) − f⁽⁵⁾(a) ) / 30240 − ...
```

ऑयलर आणि स्कॉटलंडचा कॉलिन मॅक्लॉरिन हे दोघे स्वतंत्रपणे या सूत्रापाशी पोचले. मॅक्लॉरिनचे सूत्र १७४२ च्या त्याच्या ग्रंथात आले आणि आज दोघांच्याही नावाने ते ओळखले जाते. १२, ७२०, ३०२४० हे छेद ज्या संख्यांवरून येतात, त्यांना बर्नुली संख्या म्हणतात. ज्या याकोब बर्नुलीने बाझेलच्या प्रश्नापुढे हात टेकले, त्याच्याच १७१३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्या येतात. प्रश्न सोडवण्याचे साहित्य त्याच्यापाशी होते, पण वापर वेगळा होता.

सूत्राची एक सोपी चाचणी घेता येते. x² साठी तिसरा विकलज आणि त्यापुढचे सगळे शून्य असतात, म्हणून दुरुस्त्या तिथेच संपतात. ० ते १० पर्यंतच्या वर्गांची बेरीज म्हणजे १०००/३ अधिक १००/२ अधिक २०/१२, म्हणजे नेमके ३८५. १ + ४ + ९ + … + १०० ही बेरीज करून पाहिली तरी हेच येते. बहुपदींसाठी हे सूत्र अंदाज देत नाही, अचूक उत्तर देते.

आता ऑयलरची बेरीज. पहिली १० पदे सरळ मिळवायची आणि ११ पासून पुढच्या पदांसाठी सूत्र वापरायचे. १० पासून अनंतापर्यंत १/x² खालचे क्षेत्रफळ १/१० आहे. हे क्षेत्रफळ १० या टोकापासून सुरू होते, म्हणून दहाव्या पदाचा अर्धा भाग, १/२००, त्यात अगोदरच शिरला आहे. तो वजा करायचा. १० पाशी चढ −१/५०० आहे आणि दूर अनंतात ०. बदल १/५००, त्याचा बारावा हिस्सा १/६०००. त्यापुढच्या दोन दुरुस्त्या तिसऱ्या आणि पाचव्या विकलजावरून मिळतात.

```
  १.५४९७६७७३१   पहिली १० पदे
+ ०.१००००००००   क्षेत्रफळ
− ०.००५००००००   अर्धे पद
+ ०.०००१६६६६७   चढाची दुरुस्ती
− ०.००००००३३३   तिसरा विकलज
+ ०.००००००००२   पाचवा विकलज
= १.६४४९३४०६७
```

केवळ क्षेत्रफळ जोडले तेव्हा उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत सुधारले होते. चढाच्या दुरुस्तीने सहा स्थळे जुळतात, आणि तिसऱ्या व पाचव्या विकलजानंतर इथे छापलेला प्रत्येक अंक खरा ठरतो. अशीच आणखी पदे घेऊन ऑयलरने १.६४४९३४०६६८४८२२६४३६४७ ही किंमत काढली. पुढे त्याने दाखवले, की ही संख्या म्हणजे π² चा सहावा भाग. आकड्यांतली किंमत हाताशी असल्याने ते उत्तर पडताळणे सोपे होते.

पहिली १० पदे सरळ का मिळवायची, हा प्रश्न इथे येतोच. एकच पद घेऊन बाकी सगळे सूत्रावर सोपवले, तर क्रमाने २, १.५, १.६६७, १.६३३, १.६५७, १.६२४, १.७००, १.४४६, २.६१३ अशी उत्तरे येतात. सुरुवातीला ती खऱ्या किमतीजवळ घुटमळतात आणि मग बेफाम उसळतात. दोष गणनेचा नाही. बर्नुली संख्या पुढे पुढे प्रचंड वाढतात, त्यामुळे दुरुस्त्यांची मालिका शेवटपर्यंत नेली तर या फलनासाठी ती कधीच एका किमतीपाशी स्थिरावत नाही. तिचा उपयोग दुरुस्त्या लहान होत जात आहेत तोवरच. त्या वाढू लागण्याआधी थांबायचे. १० पासून सुरुवात केली, तर दुरुस्त्या तिसाव्याच्या आसपास सर्वांत लहान होतात आणि तोवर पंचवीसहून अधिक स्थळे पक्की झालेली असतात. या श्रेणीत आणखी एक सोय आहे. वगळलेल्या पहिल्या दुरुस्तीपेक्षा चूक मोठी नसते, त्यामुळे कुठे थांबले तर किती विश्वास ठेवावा हे आधीच कळते.

ही सोय प्रत्येक फलनाला मिळत नाही. थांबल्यावर उरणारी चूक नेमकी किती, याचा काटेकोर हिशोब १९व्या शतकात प्वासाँ आणि याकोबी यांनी मांडला, आणि तो सोडून दिला तर काय होते हे cos 2πx या फलनात स्पष्ट दिसते. प्रत्येक पूर्णांकाला त्याची किंमत १ असते, म्हणून ० ते १०० पर्यंतची बेरीज १०१. पण वक्र दर एककात एक पूर्ण लाट घेतो, त्यामुळे त्याखालचे क्षेत्रफळ शून्य. टोकांवर चढ शून्य, तिसरा विकलज शून्य, पाचवाही शून्य. सूत्र उत्तर देते १. इथे फलन अगदी गुळगुळीत आहे, कुठे टोक नाही की तुटलेपण नाही. तरीही मधल्या लाटा टोकांवरून दिसत नाहीत आणि सगळी बेरीज त्या उरलेल्या चुकीतच अडकून राहते.

याचे कारण छेदांतच आहे. १२ वरून ७२०, ७२० वरून ३०२४० असे जाताना छेद आधी ६० पट, मग ४२ पट होतो, आणि पुढे हे प्रमाण (2π)² कडे, म्हणजे सुमारे ३९.५ कडे सरकते. cos 2πx चे विकलज दर दोन पायऱ्यांना नेमके तितक्याच पटीने मोठे होतात. छेदाने जे कमावले ते विकलजाने गमावले, म्हणून चूक आटत नाही. १/x² चे विकलज १० च्या पलीकडे यापेक्षा कितीतरी हळू वाढतात, निदान सुरुवातीच्या पायऱ्यांना.

असे काही झाले आहे का, हे ओळखायचे तर सुरुवातीचे टोक हलवून तीच गणना पुन्हा करावी. १/x² ची पहिली २० पदे मिळवून पुढचे सूत्रावर सोपवले, तरी उत्तर पुन्हा १.६४४९३४०६७ च येते. cos 2πx च्या बाबतीत १० पर्यंतची पदे सरळ मिळवली तर उत्तर ११ येते, २० पर्यंतची मिळवली तर २१.