मटार: ताजा की फ्रोझन?

शेंगा तोडल्यावरही मटारच्या दाण्याचा श्वास चालूच राहतो. त्यात साखरेचे स्टार्च होते, गोडी ओसरते आणि क जीवनसत्त्व घटत जाते. शेत, बाजार समिती, भाजीवाला आणि घरचा फ्रिज या प्रवासात चार-पाच दिवस सहज जातात. उष्णता जास्त असेल, तर घट आणखी वेगाने होते. पालकासारख्या पालेभाजीत ती मटारपेक्षा कितीतरी जास्त असते.

कारखान्यात मटार तोडल्यावर काही तासांतच सोलून गोठवला जातो. त्याआधी दाणे मिनिट-दीड मिनिट उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरून लगेच गार करतात. ही पायरी टाळली, तर दाण्यातील एन्झाइम गोठल्यावरही हळूहळू काम करतात आणि काही महिन्यांत रंग व चव बिघडते. मात्र याच पायरीत पाण्यात विरघळणारे क जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात निघून जाते. वाफेत हे नुकसान कमी होते. बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नसल्याने बरेचसे टिकते.

म्हणजे फ्रोझन मटारचे बरेचसे नुकसान सुरुवातीलाच होते. उणे १८ अंशांवर पुढची घट संथ असते. ताज्याचे नुकसान रोज थोडे थोडे वाढते. म्हणून त्याच दिवशी तोडलेला मटार सरस, पण आठवडाभर ठेवलेल्या मटारपेक्षा फ्रोझन अनेकदा बरोबरीचा किंवा वरचढ ठरतो.

पाकिटात दाणे सुटे न राहता बर्फाचा गोळा झाला असेल, तर ते मध्येच वितळून पुन्हा गोठले असण्याची शक्यता असते. चांगले दाणे न वितळवता थेट फोडणीत टाकावेत.