बिल फाडलं, पण विक्री झाली का?

मार्च अखेर आली की कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यात एकच घाई असते : बिलं काढा, वर्षाची विक्री पूर्ण करा. पण भारतीय लेखामानक ११५ जिथे लागू आहे, तिथे विक्री बिलावरून ठरत नाही. मालाचा ताबा ग्राहकाकडे कधी गेला, यावरून ती ठरते आणि त्याचं उत्तर करारात असतं.

उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्याने पोह्यांच्या गिरणीला पॅकिंग मशीन विकलं. किंमत जीएसटी वगळून ८० लाख. करारात ३० टक्के आगाऊ, ६० टक्के माल रवाना होताना आणि उरलेले १० टक्के स्वीकृतीनंतर असं ठरलं. मशीन २८ मार्चला निघालं, ७२ लाख बँकेत जमा झाले. विक्री खात्याच्या दृष्टीने काम फत्ते!

करार तपासणाऱ्याने मात्र परिशिष्टापर्यंत वाचलं. तिथे अट होती : मशीनने गिरणीतच, गिरणीच्याच पोह्यांवर सलग ७२ तास ठरलेल्या वेगाने काम केलं पाहिजे. चाचणीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर स्वीकृती झाली असं मानायचं.

आता प्रश्न असा की ही चाचणी नुसता उपचार आहे का? वजन-मापाची साधी अट असती, तर ती कारखान्यातच तपासून पूर्ण झाल्याचं दाखवता आलं असतं आणि सहीसाठी थांबावं लागलं नसतं. इथे तसं दाखवता येत नाही. चाचणी १३ एप्रिलला संपली, हरकत आली नाही, २८ एप्रिलला मुदत सरली. म्हणजे विक्री पुढच्या वर्षाची. मार्चअखेर ते ७२ लाख ग्राहकाचं देणं म्हणूनच दाखवायचे.

रक्कमही पूर्ण ८० लाख नाही. रवानगी २८ फेब्रुवारीला ठरली होती. उशिराच्या दर आठवड्याला अर्धा टक्का भरपाई, कमाल ५ टक्के. चार आठवड्यांचे २ टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार विक्रीतूनच वजा होतील.

चूक इथेच होते. करारात दायित्वाची आणखी एक मर्यादा होती, करारमूल्याच्या १०० टक्के. ती एकूण नुकसानभरपाईची कमाल मर्यादा आहे. उशिराच्या भरपाईची ५ टक्क्यांची मर्यादा वेगळी. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या, तर हिशेब चुकतो.

म्हणून तक्त्यात प्रत्येक अटीपुढे कलम क्रमांक, पान आणि मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. अर्थ शेजारच्या रकान्यात लिहा. परचेस ऑर्डरच्या मागची बारीक अक्षरातली कलमं आणि नंतरचे दुरुस्तीपत्रही वाचा. दोन कागदांत विसंगती असेल, तर कोणता कागद वरचढ हे सांगणारं कलम आधी शोधा. ‘स्वीकृतीची अट नाही’ असं लिहायचं, तर शेवटचं परिशिष्ट वाचून झाल्यावरच लिहा.