‘जरा बोलायचं होतं’

रात्री पावणेदहाचा सुमार. वडिलांचे जेवण-औषधे आटोपून बावन्न वर्षांच्या एका बाई टेकल्या, तोच कार्यालयातील मैत्रिणीचा संदेश आला : ‘उद्या जरा बोलायचं होतं.’ पुढे काही नाही. वडिलांच्या आजारपणामुळे दोन महिन्यांत त्यांच्या बऱ्याच रजा झाल्या होत्या. साहेबांकडे तक्रार गेली असणार, असे त्यांच्या मनाने तत्काळ ठरवूनही टाकले. त्यांनी चार उत्तरे लिहिली आणि चारही पुसली. मग तिसऱ्याच सहकाऱ्याला फोन करून ‘तिच्या मनात काय आहे?’ अशी चौकशी केली. अकरा वाजता वडिलांच्या डबीतील झोपेची अर्धी गोळी घेतली. सकाळी धडधडत्या छातीने त्या माझ्या दवाखान्यात आल्या. (ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.)

नाडी मिनिटाला 104, रक्तदाब 158/94. दहा मिनिटे पाठ टेकवून शांत बसवल्यावर तो 136/84 वर आला. ईसीजी निर्दोष होता. वाचकहो, धडधड म्हणजे केवळ काळजी, असे घरच्या घरी ठरवू नका. छातीत दाब, हाता-जबड्याकडे जाणारी कळ, घाम किंवा धाप असेल, तर संदेशाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

असा संदेश इतका का छळतो? त्यात धोका नसतो, पण धोका नाही अशी खात्रीही नसते. ती रिकामी जागा काळजीखोर मन स्वतःच्या सर्वांत मोठ्या भीतीने भरून काढते, आणि शरीर त्या कल्पनेलाच खरे मानून ॲड्रेनालिन सोडते. अशा अवस्थेत लिहिलेले उत्तर हमखास बिघडते. ‘काय झालं? माझं काही चुकलं का?’ या उत्तरात प्रश्नापेक्षा विनवणीच अधिक असते. समोरच्याने ‘नाही गं’ म्हटले, तरी तो दिलासा फार वेळ टिकत नाही. शिवाय खरोखरच काही गाऱ्हाणे असेल, तर ते सांगणे तिला अवघड होऊन बसते.

म्हणून आधी फोन पालथा ठेवावा. चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे सुमारे पाच मिनिटे. श्वास रोखून धरू नये. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णांनी अंक मोजण्याचा हट्ट न धरता केवळ सावकाश सोडावा. मग लिहावे.

बाईंनी माझ्यासमोर बसून लिहिले ते असे : ‘हो, बोलू या. कशाबद्दल ते एका ओळीत कळवशील? मी साडेअकराला मोकळी आहे.’ यात होकार आहे, विषयाची विचारणा आहे आणि वेळ आहे. क्षमायाचना मात्र नाही, कारण अपराधच अजून ठाऊक नाही. वेळ लिहिण्याचा मोठा उपयोग असा की, वाट पाहण्याला एक शेवट मिळतो. रात्री उशिरा आलेल्या संदेशाला रात्रीच उत्तर देणे बंधनकारक नाही. पण अनुत्तरित संदेश झोपू देत नसेल, तर एवढेच लिहून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. ‘भेटल्यावर सांगते’ असे उत्तर आले, तर पुन्हा खोदून विचारू नये. ‘काही कागद आणू का?’ इतके मात्र अवश्य विचारावे.

त्या अर्ध्या गोळीविषयी मी त्यांना रागावलो, हे कबूल करतो. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी घरांत हे चोरून चालते. दुसऱ्याच्या नावची झोपेची गोळी सकाळपर्यंत गुंगी ठेवू शकते. त्या बाई त्याच सकाळी दुचाकीवरून आल्या होत्या! शिवाय रात्री वडील पडले असते, तर त्यांची हाक ऐकू आली असती का? बहुतेक दिवस, सहा-सहा महिने अशी काळजी पोखरत असेल, तर तिच्यावर उपचार आहेत. त्यासाठी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढावा.

दहा मिनिटांत फोन वाजला : ‘तुझ्या रजेतल्या कामाबद्दल. साडेअकरा चालेल.’ बाईंचा चेहरा उतरला. भीती निम्मी खरी होती. मग मागच्या दोन महिन्यांत कोणते काम मैत्रिणीकडे गेले, ते त्यांनी माझ्याच टेबलावर एका चिठ्ठीवर लिहून काढले. साहेबांकडे तक्रार गेलेली नव्हती. महिनाअखेरीची विवरणपत्रे दोनदा एकटीने भरून मैत्रीण दमली होती आणि ते कसे सांगावे हे तिलाही उमगत नव्हते. आता त्यांतील दोन विवरणपत्रे बाई घरून, वडील दुपारी झोपलेले असताना भरतात. बोलणे सुखाचे झाले नाही, असे त्या म्हणाल्या; थोडे डोळे भरून आले, दोघींचेही. वडिलांच्या गोळ्या आता मोजून कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली त्यांच्या भावाकडे आहे.