काकू म्हणतात, 'सुटलीस गं!' आता काय बोलाल?

चपला काढून तुम्ही हॉलमध्ये पाऊल टाकता. हातातली आहेराची पिशवी अजून कुठे ठेवलेलीही नसते. तोच सोफ्यावरून आवाज येतो, 'अगंबाई, किती सुटलीस!' नाहीतर, 'काळवंडलीस की गं, उन्हात फिरतेस वाटतं?' चार माना तुमच्याकडे वळतात. तुम्ही ओशाळवाणं हसता आणि स्वयंपाकघराकडे सटकता. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर तीन उत्तमोत्तम उत्तरं सुचतात.

हे उत्तर जागच्या जागी सुचावं म्हणून काय करायचं, ते एका ओळखीच्या घरातल्या प्रसंगावरून सांगते.

बडोद्यातलं मराठी कुटुंब. मुलगी एकोणीस वर्षांची, हॉस्टेलवर राहून शिकणारी. सहा महिन्यांपूर्वी तिला मूत्रपिंडाचा विकार झाला आणि डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. या गोळ्यांनी भूक वाढते, अंगात पाणी साठतं आणि चेहरा गोल दिसू लागतो. तिचं वजन अकरा किलोंनी वाढलं होतं. चुलतभावाच्या हळदीला ती आली ती मुळातच धास्तावून. थोरल्या काकूंनी दारातच म्हटलं, 'हॉस्टेलचं जेवण चांगलंच मानवलेलं दिसतंय!'

तिच्या आईने लगेच खुलासा सुरू केला, 'नाही हो वहिनी, तिला ना किडनीचं...' आई मायेपोटी बोलली, पण चूक तिथेच झाली. दहा मिनिटांत सगळ्या मांडवाला आजार कळला. कुणी कुळथाचं कढण सुचवलं, कुणी एका वैद्यांचा पत्ता दिला. एका मामींनी तर 'आता लग्नाचं कसं?' असंही हळूच विचारून घेतलं. त्या रात्री मुलगी आईला म्हणाली, 'उद्यापासून मी गोळी घेणार नाही.'

स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करता येत नाही. शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं मंदावतं आणि गोळी अचानक थांबली तर जीवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. काकूंच्या एका वाक्याने गोष्ट इथवर आली होती. काकू मात्र तोवर ते विसरूनही गेल्या होत्या.

आईने तिला समजावून गोळी दिली आणि मग दोघी बसून दुसऱ्या दिवसाची तयारी करू लागल्या. पहिली गोष्ट त्यांनी ठरवली ती म्हणजे कारण सांगायचं नाही. थायरॉइड असो, पीसीओएस असो, बाळंतपण असो, तुम्ही कारण दिलंत की समोरच्याला ते तपासण्याचा हक्क मिळतो. 'माझ्या नणंदेलाही थायरॉइड आहे, ती कुठे एवढी जाड आहे?' हे पुढचं वाक्य ठरलेलंच असतं.

स्वतःवर विनोदही करायचा नाही. 'हो ना, हत्तीच झालेय!' म्हटलं की वेळ निभावते, पण मग पुढच्या प्रत्येक कार्यात तोच विनोद दुसरे करतात, आणि तुम्हीच सुरुवात केलेली असल्याने रागावताही येत नाही. उलट वार तर नकोच. 'तुम्हीही काही कमी नाही, काकू' हे वाक्य मनात कितीही गोड वाटलं तरी त्यानंतर चर्चा काकूंच्या बोलण्याची होत नाही, तुमच्या उद्धटपणाची होते.

मग उरलं काय? एक छोटं वाक्य आणि लगेच त्यांच्याकडे वळवलेला प्रश्न. लग्नाच्या सकाळी काकूंनी पुन्हा सुरुवात केली, 'साडीत जास्तच भरलेली दिसतेस.' मुलगी म्हणाली, 'हो काकू, बदललेय थोडी. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? जिने चढता येतात का आता?' काकू पाच मिनिटं गुडघ्यावर बोलल्या. खरं सांगायचं तर आपल्याकडे बऱ्याच वडीलधाऱ्यांना 'वाळलीस' किंवा 'सुटलीस' हे 'कशी आहेस?' या अर्थानेच म्हणायची सवय असते. त्यांना बोलायला विषय हवा असतो. तो मिळाला की त्या तुमचं वजन सोडून देतात.

विषय बदलूनही समोरची व्यक्ती पुन्हा तिथेच आली, तर मात्र ती सवय नाही हे ओळखा. पंगतीत तेच झालं. जिलबी वाढणाऱ्याला काकू म्हणाल्या, 'हिला नको रे, आधीच...' आता वाक्य सरळ हवं, पण आवाज तोच, नेहमीचा. मुलगी म्हणाली, 'काकू, माझ्या वजनाबद्दल मी डॉक्टरांशी बोलते. आज तो विषय नको. दादा, एक जिलबी वाढ.' तिने ना सॉरी म्हटलं, ना हसून वाक्य पातळ केलं. क्षणभर सगळे गप्प झाले. ती शांतता अवघड असते आणि ती भरून काढायला आपणच काहीतरी बोलून बसतो. बोलू नका. वाढपी पुढे सरकतो आणि शांतताही त्याच्याबरोबर जाते.

रंगाचं बोलणं वेगळं पडतं, कारण त्याला बहुधा भेटवस्तू जोडलेली असते. तीच मुलगी हळदीला बसलेली असताना एका आत्याने तिच्या हातात एक ट्यूब ठेवली. 'पंधरा दिवसांत उजळशील.' मेडिकलमधून आणलेल्या अशा पुष्कळ मलमांत मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टिरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा नितळ दिसतो. नंतर मलम थांबवलं की लाली, जळजळ आणि पुरळ उठते, कधी चेहऱ्यावर लवही वाढते. म्हणून ट्यूब हातात घ्या, कारण चारचौघांत परत केली तर आत्याचा अपमान होतो. पण म्हणा, 'आठवणीने आणलीत, आत्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवते आणि मगच लावते.' आणि 'तुझी बहीण बघ कशी गोरी' अशी तुलना झाली तर बहिणीनेच बोलावं, 'आत्या, आम्हा दोघींना असं ताडून नका बघू.' जिची स्तुती होते तिने अडवलं की बोलणाऱ्यापाशी उत्तर उरत नाही.

शेरा लहान मुलावर असेल तर मात्र वाट पाहू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला विषय बदलता येत नाही. त्याच्या देखतच म्हणा, 'मावशी, आम्ही घरी त्याच्या अंगावरून बोलत नाही. तो सायकल शिकलाय, ते विचारा ना.' तुम्ही काय बोललात ते मूल ऐकत असतं. तसंच सुनेला सासरी कुणी बोललं, तर उत्तर नवऱ्याने द्यावं. त्याची माणसं आहेत आणि त्याचं बोलणं ती 'आगाऊपणा' म्हणून घेत नाहीत.

बडोद्याच्या मुलीने लग्नानंतर चार दिवसांनी काकूंना फोन केला. आधी कार्य छान झालं म्हणाली. मग म्हणाली, 'काकू, सगळ्यांसमोर माझ्या जाडीबद्दल बोललात तेव्हा मला फार वाईट वाटलं. पुन्हा नका बोलू.' काकू म्हणाल्या, 'मी काळजीने बोलते हो.' ती म्हणाली, 'माहीत आहे. काळजी वाटली तर मला फोन करा.' काकू दोन महिने रुसल्या. राखीला आल्याही नाहीत.

दिवाळीत आल्या तेव्हा गोळीचा डोस बराच उतरला होता आणि चेहऱ्याची सूजही. काकूंनी तिला निरखून पाहिलं, तोंड उघडलं, मग क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, 'चकली घे. कडक झालीय का बघ.'