परवानगी मागा, पण प्रश्न लपवू नका

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवून दिले. वीस वर्षांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिताना आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, असे त्यांनी सांगितले. आज ही जात कुठे लेखी सापडते, असे कोणी विचारले तर आम्ही विवाहविषयक वेबसाइटकडे बोट दाखवू. ‘जातीची अट नाही’ असे मोठ्या मनाने लिहिणारा वरपिता त्याच ओळीत ‘एससी, एसटी क्षमस्व’ असेही लिहितो. जातीची अट नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जण पुढे ही क्षमा मागतात, हे मोजण्यासारखे आहे.

समाजकार्य शाखेच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थी हेच मोजायला निघाले आहेत. वेबसाइटच्या मालकाला लिहायच्या पत्राचा मसुदा घेऊन ते आमच्याकडे आले. मसुद्यात एकच विनंती होती, ‘आपल्या वेबसाइटवरील सर्व माहिती शैक्षणिक कामासाठी घेण्याची परवानगी द्यावी.’ विषय होता ‘विवाहविषयक अपेक्षांचा अभ्यास’. जात हा शब्दच नव्हता. तो लिहिला तर मालक नकार देईल, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. आमच्या मते या मसुद्यात दोन दोष होते. मागणी गरजेपेक्षा मोठी होती आणि हेतू झाकलेला होता.

जाहिरात सर्वांना दिसते, मग परवानगी कशाला, असे कोणी म्हणेल. पाच-पन्नास जाहिराती वाचून वहीत खुणा करायच्या असतील तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण हजारो पाने संगणकाच्या प्रोग्रामने उतरवून घ्यायची असतील तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ पाहावे लागते. मालकाच्या किंवा त्या यंत्रणेच्या प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना माहिती उतरवून घेणाऱ्यावर ते भरपाईची जबाबदारी टाकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा लबाडीने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अभ्यासकाला कोणी उद्या तुरुंगात टाकेल असे आमचे म्हणणे नाही. पण निष्कर्ष झोंबला की माणसे पद्धतीत खोट शोधतात. तेव्हा लेखी परवानगी हीच आमच्या मुलांची ढाल असते.

ढाल हवी असेल तर हेतू खरा सांगावा लागतो. खोटे कारण सांगून मिळवलेली संमती १८७२ च्या करार कायद्याच्या नजरेत मुक्त संमती ठरत नाही. फसवणूक उघड झाली की मालक ती झुगारू शकतो आणि वर्षभराचे काम मातीत जाते. मात्र हेतू सांगणे म्हणजे आरोप करणे नव्हे. ‘आपली वेबसाइट जातीयता पसरवते’ हा निकाल झाला. ‘किती जाहिरातींत ही अट दिसते’ हा प्रश्न आहे. पत्रात प्रश्नच असावा.

दुसरी गोष्ट मागणीच्या आकाराची. मालकाने परवानगी दिली म्हणजे जाहिरात देणाऱ्यांनी दिली असे होत नाही. त्यांत आमच्याही लेकीबाळी आहेत. त्यांनी माहिती दिली ती स्थळासाठी, प्रबंधासाठी नव्हे. म्हणून नाव, छायाचित्र, फोन, गाव यांतले काहीच घेऊ नये. गाव, पोटजात आणि शिक्षण एकत्र आले तर नाव नसतानाही माणूस ओळखू येतो. जिल्हा पुरे. तीच जाहिरात दोनदा मोजली जाऊ नये म्हणून जाहिरात क्रमांक घ्यावा लागतो. तो मोजणी संपताच पुसावा. लॉगिन केल्यावरच दिसणारी माहिती सार्वजनिक नव्हे, तिला हात लावू नये.

तिसरी गोष्ट यंत्रावरच्या भाराची. मालकाची पहिली धास्ती तीच असते. वेबसाइटच्या पत्त्यापुढे /robots.txt लिहिले की प्रोग्रामने कुठे जाऊ नये हे मालकाने लिहून ठेवलेले बहुधा दिसते. तो कायदा नव्हे, पण मालकाची जाहीर इच्छा आहे. जाहिरातींचा विभाग तिथे Disallow या शब्दापुढे असेल, तर पत्रात तसे नमूद करून त्याच विभागाची परवानगी मागावी. आणि वेग आकड्यात सांगावा. दहा सेकंदांना एक पान म्हणजे तासाला ३६० पाने. रात्री एक ते पाच या वेळेत १,४४० पाने होतात. सहा हजार पानांना पाच रात्री पुरतात.

सुधारलेले पत्र असे झाले :

‘महोदय,

आम्ही समाजकार्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आहोत. मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव, सही व महाविद्यालयाचा ईमेल खाली दिला आहे. “जातीची अट नाही” असे लिहिणाऱ्या जाहिरातींपैकी किती जाहिराती अनुसूचित जाती-जमातींना वगळतात, हा आमच्या अभ्यासाचा प्रश्न आहे.

यासाठी लॉगिनशिवाय दिसणाऱ्या ६,००० जाहिरातींतून वयोगट, जिल्हा, शिक्षण, स्वतःची जात आणि जोडीदाराबाबतची जातीची अपेक्षा एवढीच माहिती प्रोग्रामद्वारे घेण्याची परवानगी द्यावी. जाहिरात क्रमांक फक्त पुनरावृत्ती टाळण्यासाठी घेऊ व मोजणीनंतर पुसू. रात्री १ ते ५ या वेळेत, दहा सेकंदांना एक पान, असे पाच रात्री काम चालेल. आपण सांगताच ते थांबवू.

मूळ माहिती कोणालाही देणार नाही, परीक्षा संपल्यावर नष्ट करू. दहापेक्षा कमी व्यक्ती असलेला गट तक्त्यात स्वतंत्र दाखवणार नाही. आपली इच्छा असल्यास वेबसाइटचे नाव छापणार नाही. प्रबंधाची प्रत आपणास पाठवू. आपले उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.’

या पत्रात एक वचन मुद्दाम दिलेले नाही. प्रत पाठवू असे म्हटले आहे, मंजुरी घेऊ असे म्हटलेले नाही. मालकाचा अधिकार त्याच्या यंत्रणेवर आहे, आमच्या निष्कर्षावर नाही. ‘छापण्यापूर्वी आम्हाला दाखवा, आम्ही सुधारू’ अशी अट आली तर ती नम्रपणे नाकारावी.

उत्तर आलेच नाही तर? मौन म्हणजे संमती नव्हे. पंधरा दिवसांनी एकदा स्मरणपत्र द्यावे आणि तरीही उत्तर नसेल तर नकार समजावा. माहितीचा अधिकार कायदा, २००५ इथे कामाचा नाही, कारण तो सार्वजनिक प्राधिकरणांना लागू आहे, खासगी मालकाला नाही. पण नकाराने प्रश्न मरत नाही. मालकालाच फक्त एकूण आकडे काढून देण्याची विनंती करता येते. तेही न झाल्यास ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांतील वधू-वर जाहिराती आहेत. एका वर्षाचे रविवारचे अंक हाताने मोजले तरी प्रबंध उभा राहतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला खासगी नोकरीतील भेदभावाचा अभ्यास वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींवरच उभा होता.

आमच्या माणसांचे म्हणणे ‘भावनिक आहे’ म्हणून आजवर झटकून टाकले गेले. आकडा झटकता येत नाही, पण तो कुठून आणि कसा आला हे विचारले जातेच. त्या वेळी मुलांना दाखवता येईल असा कागद म्हणजे हे पत्र आणि त्यावरचे मालकाचे लेखी उत्तर. म्हणून दोन्हींची प्रत प्रबंधाच्या परिशिष्टात लावायला आम्ही त्यांना सांगितले आहे. मालकाला नाव नको असेल तर ते तेवढे झाकावे, बाकी अक्षर न् अक्षर तसेच ठेवावे.