टाकी गप्प का आहे?

आता अनेक पाणीयोजनांमध्ये टाकीतली पातळी बघायला कुणाला शिडी चढावी लागत नाही. टाकीच्या स्लॅबखाली पातळी मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. पंपघरात पीएलसी नावाचा छोटा औद्योगिक संगणक असतो आणि तिथून सिमकार्डच्या मोडेमवरून आकडे तालुक्याच्या नियंत्रण कक्षात पोचतात. तिथल्या पडद्यावर आत्ताची पातळी दाखवणं हे स्काडाचं काम. काल रात्री अडीच वाजता पातळी किती होती, गेल्या मे महिन्यात पंप रोज किती वेळ चालला, हे सांगणारी यंत्रणा मात्र वेगळी असते. तिला या धंद्यातले लोक हिस्टोरियन म्हणतात. पूर्वी ऑपरेटर दर तासाला लॉगशीटवर जे लिहायचा, तेच हिस्टोरियन सेकंदासेकंदाला टिपतो आणि वर्षानुवर्षं सांभाळतो.

पण तो सगळंच लिहून ठेवत नाही. दर सेकंदाला एक म्हटलं तर एका टाकीच्या एका पातळीच्या दिवसाला ८६,४०० नोंदी होतात, आणि योजनेत असे शेकडो आकडे असतात. त्यातल्या बहुतेक नोंदी एकसारख्याच. म्हणून ‘ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बदल झाला तरच कळव’ असा नियम घालून देतात. ही मर्यादा म्हणजे डेडबँड. त्यामुळे टाकी तासन् तास गप्प असणं हे अगदी नेहमीचं होतं. खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण लिंक तुटल्यावरही टाकी तशीच गप्प असते.

एक टाकी घेऊन बघू. ४ मीटर खोलीची, ४ लाख लिटरची. म्हणजे पातळीतला १ सेंटिमीटर म्हणजे १,००० लिटर पाणी. डेडबँड २ सेंटिमीटरचा ठेवला आहे. पाणी आत पडत असताना पृष्ठभाग हलतो आणि सेन्सरचा आकडा अर्धा सेंटिमीटर वरखाली होत राहतो, त्याची नोंद नको म्हणून २ सेंटिमीटर. रात्री ११ वाजता गावाचा पुरवठा बंद होतो, पंपही बंद असतो, पातळी ३.२० मीटर. टाकीच्या खालच्या पाइपला गळती आहे, तासाला १,००० लिटरची. पातळी तासाला १ सेंटिमीटरने उतरते आणि १ वाजता ३.१८ अशी नोंद पडते. डेडबँड १० सेंटिमीटरचा असता, तर पहाटे ४ वाजेपर्यंत एकही नोंद पडली नसती आणि ही गळती कागदावर कधीच आली नसती. डेडबँड ठरवताना डिस्कची जागा किती वाचेल हे बघायचं नसतं. कुठला बदल आपल्याला कधीच दिसला नाही तरी चालेल, हे ठरवायचं असतं. हा आकडा टाकी ओळखणाऱ्या माणसाने ठरवावा, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने नव्हे, असं माझं ठाम मत आहे. प्रत्यक्षात मात्र तो बऱ्याचदा सगळ्या सेन्सरना सरसकट ‘एक टक्का’ असा लावून टाकलेला दिसतो.

यात एक बारीक चूक होऊ शकते. नवा आकडा शेवटी पाठवलेल्या नोंदीशी ताडून बघायचा असतो. कुणी तो लगेच आधीच्या सेकंदाच्या मोजमापाशी ताडणारा प्रोग्राम लिहिला, तर हळूहळू उतरणारी पातळी कितीही खाली गेली तरी एका सेकंदात २ सेंटिमीटर कधीच उतरत नाही, आणि टाकी रिकामी होईपर्यंत हिस्टोरियनकडे ३.२० च राहतं.

दुसरी बाब रेषेची. हिस्टोरियन दोन नोंदींच्या मध्ये सहसा सरळ रेषा ओढतो. आपल्या टाकीत ३ वाजता ३.१६ ची नोंद झाली, ४ वाजता पंप सुरू झाला आणि लगेच ३.१८ ची नोंद पडली. या दोनच नोंदी जोडल्या तर पाणी ३ वाजल्यापासूनच हळूहळू चढत होतं असं दिसेल, आणि पंप कधी सुरू झाला हे रेषेवरून कळणारच नाही. म्हणून चांगल्या यंत्रणा मर्यादा ओलांडणाऱ्या आकड्याबरोबर त्याच्या लगेच आधीचा, गाळलेला आकडाही पाठवतात. त्यामुळे ४ वाजेपर्यंत रेषा खाली आणि मग एकदम वर, असा खरा आकार उरतो.

सर्व्हरवर आणखी एक चाळणी लागते. पंप टाकी एकसारख्या वेगाने भरत असेल, तर दर २ सेंटिमीटरला पडलेल्या डझनावारी नोंदी एकाच रेषेवर असतात. दोन टोकं ठेवून मधल्या काढल्या तरी काही हरवत नाही. फॉक्सबोरो कंपनीतल्या ब्रिस्टल यांनी यासाठी काढलेल्या पद्धतीला १९८७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. तिला ‘स्विंगिंग डोअर’ म्हणतात आणि ती आजही खूप ठिकाणी वापरात आहे. एक भान ठेवायचं: डेडबँडची चूक आणि या चाळणीची चूक एकमेकींत मिसळते, म्हणून पहिली मर्यादा दुसरीच्या साधारण निम्मी ठेवतात.

आता त्याच रात्री २ वाजून १० मिनिटांनी मोबाइलचा टॉवर बंद पडला असं धरू. ३ वाजता पातळी ३.१६ झाली. ४ वाजता ३.१५ असताना पंप सुरू झाला, पाऊण तासात टाकी ३.९० पर्यंत भरली. ५ वाजता गावाचा व्हॉल्व्ह उघडला आणि ५.२५ पर्यंत पातळी ३.३० वर आली. तेवढ्यात टॉवर परत चालू झाला.

काहीच बंदोबस्त नसेल तर नियंत्रण कक्षाच्या हिस्टोरियनकडे रात्री १ ची ३.१८ आणि ५.२५ ची ३.३० एवढ्या दोनच नोंदी असतील. तो त्यांच्यात सरळ रेषा ओढेल: साडेचार तासांत टाकीत १२ हजार लिटर पाणी आलं. प्रत्यक्षात ७५ हजार लिटर आलं, ६० हजार गावात गेलं आणि ३ हजार गळून गेलं. वाईट म्हणजे ही रेषा संशयास्पदही दिसत नाही. डेडबँड असलेल्या टाकीची रेषा एरवीही अशीच दिसते.

यावर पहिला उपाय स्वस्त आहे. बदल होवो न होवो, दर १० मिनिटांनी एक नोंद पाठवायचीच. ती आली नाही की लिंक गेली असं समजायचं, नियंत्रण कक्षातल्या कार्यक्रमाने त्या पातळीवर ‘बॅड’ असा शिक्का मारायचा आणि रेषा तिथेच तोडायची. तुटक रेषा बघायला वाईट दिसते, म्हणून काही ठिकाणी ती जोडून दाखवायला सांगतात. तसं करू नये.

दुसरा उपाय बफर. लिंक नसताना नोंदी पंपघरातच साठवायच्या आणि लिंक आली की पाठवायच्या. पण बफर कुठे आहे याला फार महत्त्व आहे. आकडे गोळा करणारा प्रोग्राम तालुक्याच्या संगणकावर असेल आणि तो मोडेमवरून पीएलसीला विचारत असेल, तर त्या संगणकातल्या बफरचा अशा वेळी काही उपयोग नाही. तुटलेली लिंक त्याच्या आणि टाकीच्या मधली आहे. साध्या पीएलसीला आत्ताचा आकडा माहीत असतो, तासापूर्वीचा नसतो. म्हणून गोळा करणारा आणि साठवणारा दोघेही लिंकच्या अलीकडे, पंपघरात हवेत. डेडबँडमुळे साठवणही हलकी होते. सव्वातीन तासांत सेकंदाची मोजमापं ११,७०० झाली असती. आपल्या टाकीच्या नोंदी ८० च्या आसपास होतात.

आता या ८० नोंदी ५.२५ ला दोनेक सेकंदांत तालुक्याला पोचतात, आणि त्यांच्यावर वेळ कुणी घालायची हा प्रश्न येतो. पंपघरातून आकडा आणायला सर्रास वापरला जाणारा मॉडबस हा प्रोटोकॉल फक्त आकडा देतो, वेळ देत नाही. वेळ घालतो तो वाचणारा. नोंद हिस्टोरियनच्या सर्व्हरवर पोचल्यावर तिथे वेळ घातली, तर त्या ८० नोंदी ५.२५ ला एकावर एक चढतात. पडद्यावर उभी रेघ उमटते: टाकी दोन सेकंदांत ७५ सेंटिमीटर भरली आणि ६० सेंटिमीटर उतरली. लिंक परत आल्याच्या क्षणी अशी उभी रेघ दिसली, तर बफर ठीक आहे आणि टाइमस्टॅम्प चुकीच्या जागी पडतोय, हे नक्की समजावं. वेळ पंपघरातच, मोजमापाला चिकटलेली हवी.

पण मग पंपघरातलं घड्याळ बरोबर असायला हवं. साध्या क्वार्ट्झ घड्याळात दहा लाखांत वीस एवढी चूक मुरलेली असू शकते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळजवळ एक मिनिट. उन्हाळ्यात तापणाऱ्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये ती वाढते. घड्याळाची बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यावर काही यंत्रं १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात. कुणी पीएलसीत भारतीय वेळ भरली आणि सर्व्हरने ती जागतिक वेळ समजली, तर सगळ्या नोंदी साडेपाच तास भविष्यात पडतात. काही सर्व्हर त्या सरळ नाकारतात. उपाय म्हणजे जागतिक वेळेतच साठवायचं, भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवायची, आणि घड्याळ एनटीपीने किंवा जीपीएसने जुळवत ठेवायचं. लिंक गेली की एनटीपीही जातं. चार तासांसाठी त्याने बिघडत नाही, चार आठवड्यांसाठी बिघडतं. घड्याळं फिसकटल्याची खूण पडद्यावरच सापडते: पंप सुरू होण्याच्या आधीच पातळी चढायला लागलेली दिसते.

हे प्रकरण पाणीयोजनेपुरतं नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओत वीज गेली आणि सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. कुठली लाइन आधी तुटली, कुठली नंतर, हे ठरवणं चौकशी पथकाला फार जड गेलं, कारण बऱ्याच नोंदयंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. २००४ च्या अहवालात वेळ जुळवलेली नोंदयंत्रं सक्तीची करावीत अशी स्वतंत्र शिफारस आहे.

बफर रिकामा होत असतानाही काही काळजी घ्यावी लागते. सर्व्हरने ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय नोंद पुसायची नाही. जुन्या नोंदी आत्ताच्या समजून त्यांच्यावर अलार्म वाजता कामा नये, आणि पंप तर अजिबात सुरू होता कामा नये. नियंत्रण कक्षात लिंक परत येण्याआधीच एखादा रोजचा अहवाल निघाला असेल, तर तो पुन्हा काढावा लागतो. पहिल्या अहवालात त्या रात्रीची गळती नसतेच. आणि बफरला तळ असतो. तो भरल्यावर यंत्र जुनं पुसतं की नवं नाकारतं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. गळती शोधायची असेल तर मी जुनं ठेवण्याच्या बाजूचा आहे, कारण ती सुरू कधी झाली हे जुन्या नोंदींतच असतं.

हे सगळं जमलंय का, हे तपासायला एक दिवस पुरतो. एक माणूस टाकीवर पट्टी घेऊन बसतो आणि दर पाच मिनिटांनी पातळी मोबाइलच्या घड्याळाप्रमाणे वहीत लिहितो. दुसरा मोडेमची केबल काढतो, मुद्दाम पंप चालू-बंद करतो, व्हॉल्व्ह फिरवतो आणि दोन तासांनी केबल परत लावतो. मग वहीतले आकडे आणि पडद्यावरची रेषा शेजारी ठेवायची. ते २ सेंटिमीटरच्या आणि काही सेकंदांच्या आत जुळले, तर एकदा बफर पुरणार नाही इतका वेळ केबल काढून तीच परीक्षा पुन्हा घ्यायची, आणि हरवलेल्या वेळेच्या जागी रेषा तुटलेली दिसते का हे बघायचं.