पावसाळ्यात हौदात घाण पाणी शिरते कुठून? फेब्रुवारी ते जून, घरच्या टाक्यांचे वेळापत्रक

उन्हाळ्यात हौदातले पाणी लवकर संपते आणि पावसाळ्यात त्याच हौदातले पाणी गढूळ येते. अनेक घरांत या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असते, हौदाच्या भिंतीतली भेग. जमीन कोरडी असताना पाणी तिथून बाहेर झिरपते. पावसाने जमीन भिजून भोवतालचे पाणी हौदातल्या पातळीच्या वर गेले, की तेच पाणी आत येते.

फेब्रुवारी : गळती मोजा
नळाला पाणी नसेल त्या रात्री पंप बंद ठेवावा. हौदात काठी उभी करून पातळीची खूण करावी आणि आठ तासांनी पुन्हा पाहावी. समजा, हौद २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद आहे. पातळी १ सेंटीमीटर उतरली तर २० लिटर पाणी गेले. या वेगाने दिवसाला ६० आणि महिन्याला सुमारे १,८०० लिटर पाणी वाया जाते. छतावरची टाकीही अशीच तपासावी. मात्र तिचे खाली जाणारे सगळे व्हॉल्व्ह आधी बंद करावेत.

मार्च : छतावरची टाकी धुवा
पाणीकपात सुरू होण्याआधी हे काम उरकावे. पाणी तळाला गेले, की साचलेला गाळ नळात उतरतो. घासल्यानंतर टाकी निर्जंतुक करण्यासाठी ती पूर्ण भरण्याची गरज नाही. दहा लिटर पाण्यात ३३ टक्के क्लोरीनची ६ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून निवळू द्यावी. वरचे स्वच्छ पाणी आतून सगळीकडे लावावे, अर्धा तास थांबावे आणि टाकी धुऊन घ्यावी. हातमोजे घालावेत. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

एप्रिल : भेग बुजवा
हौद रिकामा होईल तो दिवस निवडावा. भेग खोदून रुंद करावी, वॉटरप्रूफिंग मिसळलेला गिलावा भरावा आणि सात दिवस ओला ठेवावा. हौदात एकट्याने कधीही उतरू नये. आधी झाकण उघडून हवा खेळू द्यावी आणि वर माणूस उभा ठेवावा.

मे : झाकण आणि निर्जंतुकीकरण
हौदाचे तोंड अंगणापेक्षा उंच हवे. ते जमिनीसपाट असेल तर भोवती विटांचा कठडा बांधावा. ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी लावावी. त्यानंतर मार्चमधल्याच पद्धतीने हौद निर्जंतुक करावा.

जून : पुन्हा काठी
जोरदार पावसाच्या रात्री नळ आणि पंप दोन्ही बंद असताना पातळी पाहावी. ती वाढली असेल, तर बाहेरचे पाणी अजूनही आत येत आहे. दुरुस्ती होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.